गुडघ्याचं ऑपरेशन, गोळ्यांची पिशवी आणि बद्धकोष्ठता

प्रश्न: आईचं (वय ६८) दहा दिवसांपूर्वी पुण्यात गुडघा बदलायचं ऑपरेशन झालं. घरी आल्यापासून पोट साफ होत नाही, आज चौथा दिवस कोरडा गेला. दुखण्याची गोळी, लोहाची गोळी, कॅल्शियम आणि ॲसिडिटीचं पातळ औषध चालू आहे. रोज रात्री इसबगोल देतोय. सगळे म्हणतात, लोहाची गोळी बंद कर. करू का?

उत्तर:

लोहाची गोळी आज बंद करू नका. आधी दुखण्याच्या गोळीची पट्टी उलटी करा आणि मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. कर्वेनगरात माझं औषधाचं दुकान आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांच्या घरून येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये पॅरासिटॅमॉलच्या जोडीला बऱ्याचदा ट्रामाडॉल असतं, कधी टॅपेंटाडॉल. ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉल तुमच्या पट्टीवर असेल, तर बद्धकोष्ठतेचं मुख्य कारण बहुतेक तेच आहे. लोह त्यात भर घालतं, एवढंच.

ही औषधं मेंदूत ज्या जागी बसून वेदना कमी करतात, तशाच जागा आतड्यातही असतात. तिथे ती बसली की आतड्याची पुढे ढकलण्याची हालचाल मंदावते. मळ आत जास्त वेळ रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा तयार होतो. गोळी सुरू केल्यावर येणारी मळमळ आणि गुंगी बऱ्याच जणांना काही दिवसांत सवयीची होते. आतड्याला मात्र सवय होत नाही. गोळी चालू आहे तोवर हा त्रास राहणार असं धरून चालायचं आणि पोटाचं औषध तिच्या जोडीनेच चालू ठेवायचं.

म्हणूनच इसबगोल इथे चुकीचं पडतं. इसबगोल पाणी धरून फुगतं आणि मळाचा आकार वाढवतं. तो पुढे सरकवायचं काम आतड्याचं. ते आतडंच मंद असेल, तर आत भर तेवढी वाढते. त्यात वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जायला नको म्हणून ऑपरेशन झालेली माणसं पाणी कमी पितात. आईला सरळ विचारा, दिवसभरात किती पाणी जातंय. घरच्यांच्या अंदाजापेक्षा ते बहुधा कमीच निघतं. गोळ्या चालू आहेत तोवर इसबगोल थांबवा.

त्याऐवजी दोन प्रकारची औषधं लागतात. एक मळात पाणी ओढून घेणारं, म्हणजे लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. लॅक्टुलोज साधारण १५ मिली रात्री देतात. त्याचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस जातात आणि सुरुवातीला गॅस होतो, म्हणून एका डोसात फरक नाही असं म्हणून सोडू नका. दुसरं आतड्याला हालचाल करायला लावणारं, बिसाकोडिल किंवा सोनामुखीपासून केलेलं. बिसाकोडिलची ५ मिग्रॅची गोळी रात्री दिली की सहा ते बारा तासांत काम करते.

बिसाकोडिल देताना एक गोष्ट सांभाळा, कारण काउंटरवर ही तक्रार सारखी येते: "गोळीनं पोटात कळा आल्या हो, आई रात्रभर कण्हत होती." मी विचारते, कशाबरोबर दिली? उत्तर ठरलेलं असतं, गरम दुधाबरोबर. या गोळीवरचं आवरण पोटात टिकावं आणि आतड्यात विरघळावं असं बनवलेलं असतं. दुधाने किंवा ॲसिडिटीच्या पातळ औषधाने पोटातलं आम्ल कमी झालं की ते आवरण पोटातच सुटतं आणि मुरडा येतो. म्हणून गोळी फक्त पाण्याबरोबर, अख्खी गिळायची, आणि दूध व ॲसिडिटीचं औषध यांपासून किमान तासभर लांब. तुमच्या आईचं ते औषध चालूच आहे, तेव्हा हे अंतर ठेवाच.

मात्र चौथा दिवस आहे, म्हणून नुसत्या तोंडाच्या औषधावर विसंबू नका. खाली गुदाशयात कडक गोळा अडकला असेल, तर वरून आतडं ढकलत राहतं आणि नुसत्या कळा येतात. अशा वेळी आधी खालून ठेवायची गोळी, म्हणजे बिसाकोडिलची किंवा ग्लिसरीनची सपोझिटरी, वापरून वाट मोकळी करतात. बिसाकोडिलची १५ मिनिटं ते तासाभरात काम करते. मधूनच पाण्यासारखं थोडं थोडं होत असेल, तर जुलाब समजून ते थांबवायचं औषध देऊ नका. अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, तेव्हा असंच दिसतं. सर्जनना आजच फोन करा आणि सपोझिटरीबद्दल विचारून घ्या.

त्याच फोनवर विचारा की दहा दिवस झाले, आता ट्रामाडॉल कमी करता येईल का. ठरलेल्या वेळेला पॅरासिटॅमॉल आणि ट्रामाडॉल फक्त फिजिओथेरपीच्या आधी, असं बऱ्याच जणांचं जमतं. पण ते परस्पर बंद करून घरातली डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नका. गुडघा बदलल्यावर बहुधा रक्त पातळ करणारं औषध चालू असतं. त्याच्या जोडीला डायक्लोफेनॅक दिलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि या वयात किडनीवरही ताण येतो.

आता ॲसिडिटीचं औषध. बाटलीवर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड दोन्ही आहेत का बघा. ॲल्युमिनियम पोट बांधतं, मॅग्नेशियम सैल करतं, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. सुक्रालफेट असेल, तर त्यातही ॲल्युमिनियमच आहे आणि त्याने पोट धरतं. कॅल्शियम कार्बोनेटचाही तोच गुण, त्यामुळे काही आठवडे कॅल्शियम थांबवलं तर चालेल का, हेही विचारा. आईला किडनीचा त्रास असेल, तर पोट सैल व्हावं म्हणून मॅग्नेशियमचं औषध मनाने वाढवू नका. ते शरीरात साठतं.

राहिलं लोह. गोळीतल्या लोहाचा थोडाच भाग रक्तात जातो, बाकीचं आतड्यातच राहतं आणि त्रास देतं. एक डोस घेतला की शरीर साधारण दिवसभर लोह आत घेण्याची वाट अरुंद करून ठेवतं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या डोसातलं आणखी कमी शोषलं जातं. रोजच्याऐवजी एक दिवसाआड गोळी दिली, तर दर गोळीमागे शोषण वाढतं आणि त्रासही कमी होऊ शकतो. ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन किती उतरलं होतं ते बघून डॉक्टर हे ठरवतील. गोळी कॅल्शियम, ॲसिडिटीचं औषध आणि चहा यांपासून दोन तास लांब ठेवा. नाहीतर लोह रक्तात कमी जातं आणि आतड्यात जास्त उरतं.

लोहामुळे मळ काळपट-हिरवा होतो, त्याची काळजी नको. पण तो डांबरासारखा चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचा असेल, तर ते रक्त असू शकतं. तसं दिसलं, किंवा पोट फुगून टणक झालं, उलट्या सुरू झाल्या, गॅसही सरत नाही असं झालं, तर कुठलंही रेचक न देता त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.