लादी पुसल्यावर येणारा आंबट वास

प्रश्न: ठाण्यात राहतो. फिनेल टाकून लादी पुसली तरी सुकताना घरभर आंबट, कुबट वास येतो. फिरकीचा मॉप आहे, दर आठवड्याला पावडरमध्ये भिजवतो. काय चुकतंय?

आधी वास कुठून येतो ते पक्कं करा. दोन लाद्या नव्या, स्वच्छ फडक्याने साध्या पाण्यात पुसा आणि शेजारच्या दोन नेहमीच्या मॉपने. सुकत आल्या की वाकून वास घ्या. चारही लाद्यांना येत असेल तर मोरीची जाळी तपासा. मॉपच्याच लाद्यांना येत असेल तर दोष मॉपचा किंवा बादलीचा, आणि बहुतेक वेळा दोघांचाही.

तुम्ही मॉप धुता, पण बादलीची फिरकी काढून बघितली आहे का? बहुतेक बादल्यांमध्ये ती वर ओढून किंवा मधला स्क्रू सोडून निघते. तिच्या खालून बोट फिरवलं की तपकिरी, बुळबुळीत थर हाताला लागेल. जिवाणू त्यातच वाढतात. तुम्ही धुतलेला मॉप पिळता तो याच फिरकीत! फिरकी आणि पाणी सोडायच्या बुचाची खाच साबण लावून जुन्या टूथब्रशने घासा.

मॉपचं डोकं दांड्यापासून सोडवा. ५ लिटर चांगल्या गरम पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि १ चमचा पावडर घालून अर्धा तास भिजवा. मग धागे चोळा, विशेषतः चकतीला चिकटलेली मुळं. काळं पाणी फेकून पुन्हा धुवा, पाणी जवळपास स्वच्छ निघेपर्यंत.

ब्लीच यानंतरच. मळ असताना घातलं तर ते मळावरच खर्ची पडतं आणि जिवाणू शिल्लक राहतात. साध्या सुगंधविरहित ब्लीचचं १०० मिली ५ लिटर थंड पाण्यात घाला आणि घासलेल्या बादलीतच डोकं आणि फिरकी १० मिनिटं बुडवा. नंतर दोनदा खळबळून घ्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. ब्लीचमध्ये फिनेल किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. ॲसिडने विषारी क्लोरीन वायू निघतो. मायक्रोफायबरचे धागे ब्लीचने हळूहळू झिजतात, म्हणून हे महिन्यातून एकदाच. एरवी गरम पाणी आणि सोडा पुरे.

एवढं करूनही डोकं बादलीत ओलंच ठेवलं तर पावसाळ्यात दोन दिवसांत वास परत येईल. ठाण्यातल्या जुलैच्या दमट हवेत ते बाथरूममध्ये रात्रभरातही सुकत नाही. पिळून झालं की डोकं काढा, धागे खाली सोडून पंख्याच्या वाऱ्यावर लटकवा आणि बादली पालथी घाला. सकाळी हाताची मागची बाजू धाग्यांच्या मुळाशी लावा. गार लागलं तर आत ओल आहे. म्हणूनच दोन डोकी आलटून-पालटून वापरलेली बरी.

फिनेल जास्त ओतल्याने फक्त वास झाकला जातो. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. दोनदा असं धुऊन, पूर्ण सुकवूनही मुळाशी आंबूस वास राहिला, तर डोकं टाकून द्या. बादली बदलायची गरज नाही.