अ‍ॅप डिलीट केलं, पासवर्ड बदलला, तरी यादीत नाव तसंच

प्रश्न: दोन-तीन वर्षांपूर्वी एका अ‍ॅपला गूगल अकाउंटची परवानगी दिली होती. अ‍ॅप फोनमधून काढलं, पासवर्डही बदलला. तरी ते गूगलच्या, परवानगी दिलेल्या अ‍ॅपच्या यादीत का दिसतं? नुसतं Remove केलं की झालं का?

उत्तर:

दिसणारच. फोनमधून अ‍ॅप काढल्याचं गूगलच्या गावीही नसतं, आणि पासवर्ड त्या अ‍ॅपकडे कधी गेलाच नव्हता. तुम्ही Allow दाबलंत तेव्हा गूगलने त्याला एक टोकन, म्हणजे एक प्रकारचा डिजिटल पास दिला. ते टोकन बऱ्याचदा त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतं, तुमच्या फोनमध्ये नाही. आमच्या सोसायटीत इस्त्रीवाल्याला ऑफिसातून पास मिळतो. मी माझ्या दाराचं लॅच बदललं म्हणून वॉचमन त्याला गेटवर अडवत नाही. पास रद्द करायचा तर ऑफिसातच जावं लागतं.

यात एक बारकावा आहे आणि भलेभले तिथेच फसतात. अ‍ॅपला जीमेलमधली पत्रं वाचायची किंवा पाठवायची परवानगी असेल, तर गूगलचा पासवर्ड बदलल्यावर ते टोकन मरतं. पण परवानगी फक्त कॉन्टॅक्ट्स, कॅलेंडर किंवा ड्राइव्हची असेल तर पासवर्ड बदलून काहीही होत नाही. सहा महिने वापरलंच नाही तर टोकन आपोआप बाद होतं हे खरं, पण जे अ‍ॅप रोज रात्री गुपचूप सिंक करतं ते सहा महिने स्वस्थ बसेलच कशाला?

हे मी माझ्या ताईच्या प्रकरणात शिकलो. मी परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे घरातली असली कामं आपसूक माझ्याकडे येतात. ताई पार्ल्यात घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. गिऱ्हाइकांची नावं ती स्वतःच्या सोयीने सेव्ह करते: ‘चकली जोशी काकू’, ‘अनारसे बी विंग’, ‘शंकरपाळे उधारी’. काही वर्षांपूर्वी तिने नंबरांचा बॅकअप घेणारं एक फुकट अ‍ॅप टाकलं होतं. वर्षभराने फोन बदलला, नव्या फोनमध्ये ते टाकलंच नाही, आणि विषय विसरली.

मग एका दिवाळीच्या तोंडावर जोशी काकूंचा फोन. त्यांना पर्सनल लोन देणारा मेसेज आला होता आणि त्याची सुरुवात होती, “नमस्कार चकली जोशी काकू”. काकू लोनवर नाही, ‘चकली’वर चिडल्या होत्या.

ते नाव फक्त ताईच्या कॉन्टॅक्ट्समध्ये होतं, म्हणजे गळती तिथूनच. पण गळती जुनी की अजून चालू? अ‍ॅपवाल्यांनी तेव्हाच सगळी यादी उतरवून घेतली असेल आणि आता विकली असेल, तर आपल्या हातात फारसं काही नाही. टोकन जिवंत असेल तर मात्र नळ आधी बंद करायला हवा. हे ओळखायची युक्ती साधी आहे: नुकत्या सेव्ह केलेल्या नंबराला मेसेज आला का ते बघायचं. ताईने ऑगस्टमध्ये, एका भलत्या लिंकवर क्लिक झालं म्हणून घाबरून, पासवर्ड बदलला होता. ‘अनारसे बी विंग’ हा नंबर सप्टेंबरमध्ये सेव्ह झाला. त्यांना विचारलं, तर त्यांनाही तसाच मेसेज, नावासकट. अ‍ॅप केव्हाच काढलेलं, पासवर्ड नवा, आणि तरीही महिन्याभरापूर्वीचा नंबर बाहेर. म्हणजे टोकन चालू होतं.

आता यादी. ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका:

```
myaccount.google.com/connections
```

फोनवरून जायचं तर गूगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये Security खाली Third-party apps & services नावाचा भाग आहे. उघडल्यावर आधी वर उजव्या कोपऱ्यातला फोटो बघा. ताईने मला ठामपणे सांगितलं होतं, “यादी रिकामी आहे, मी बघितली.” तिची दोन जीमेल खाती आहेत आणि ती भाचीच्या शाळेसाठी काढलेल्या खात्याची यादी बघत होती. फराळाच्या खात्यात एकवीस नावं निघाली.

त्यातलं ते अ‍ॅप कुठलं हे ओळखणंही सोपं नव्हतं. यादीत अ‍ॅप बनवणाऱ्याने गूगलकडे नोंदवलेलं नाव दिसतं, आणि ते फोनवरच्या आयकॉनखालच्या नावाशी जुळेलच असं नाही. अशा वेळी जीमेलच्या सर्चमध्ये हे टाका:

```
from:no-reply@accounts.google.com "was granted access"
```

परवानगी दिली त्या दिवशी गूगलने पाठवलेली सूचना यात सापडते, तारखेसकट. भाषा मराठी ठेवली असेल किंवा काहीच सापडलं नाही तर इंग्रजी शब्द काढून फक्त पत्त्यावर शोधा. पत्र डिलीट केलेलं असेल तर मात्र यादीतल्या एकेका नावावर टॅप करून त्याला कशाकशाची परवानगी आहे ते वाचण्यावाचून इलाज नाही. आम्हाला पत्र सापडलं. त्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स बघण्याची आणि उतरवून घेण्याची परवानगी होती, जीमेलची नव्हती. म्हणून ऑगस्टचा नवा पासवर्ड त्याला लागूच पडला नव्हता.

नावावर टॅप केलं की आत परवानगी काढून घ्यायचं बटण असतं. नाव कधी Remove access, कधी Delete all connections, पण काम तेच. गूगल लगेच टोकन रद्द करतं, पूर्ण परिणाम व्हायला कधी थोडा वेळ लागतो.

इथे ताईला चेव चढला. “सगळीच उडव.” मी हात धरला, कारण त्या एकवीस नावांमध्ये दोन जातींची नावं होती आणि त्यांचा क्रम चुकला तर त्रास आपल्यालाच होतो.

पहिली जात म्हणजे ज्यांना तुमच्या गूगल खात्यातल्या वस्तूंना हात लावता येतो: कॉन्टॅक्ट्स, ड्राइव्ह, जीमेल, कॅलेंडर. यातलं ओळखीचं नसेल ते बिनदिक्कत काढा. पण वाचून काढा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप ड्राइव्हवर जात असेल तर व्हॉट्सअ‍ॅपही याच यादीत दिसतं. ते काढलंत तर बॅकअप थांबतो, आणि हे कळतं थेट फोन हरवल्यावर. आयफोनवर जीमेल जोडलेलं असेल तर त्याचीही नोंद इथेच असते. ती उडवली की मेल येणं बंद.

दुसरी जात म्हणजे नुसतं Sign in with Google. तिथे त्या साइटला तुमचं नाव, ईमेल आणि फोटो एवढंच मिळतं. धोका कमी, पण घाई इथेच नडते. इथून काढल्यावर त्या साइटवरचं तुमचं खातं बंद होत नाही. तुमचे पत्ते, जुन्या ऑर्डरी, सेव्ह केलेलं कार्ड, सगळं त्यांच्याकडे तसंच राहतं. बऱ्याचदा तुम्ही त्या साइटवर लॉगिनही राहता. म्हणून साइट सोडायचीच असेल तर आधी तिथे जाऊन खातं डिलीट करा आणि मग गूगलच्या यादीतून काढा. साइट वापरायची आहे पण गूगलचा दुवा नको, असं असेल तर आधी तिथे स्वतंत्र पासवर्ड तयार करा, त्या पासवर्डने एकदा आत जाऊन बघा, मग दुवा तोडा. उलट्या क्रमाने केलंत तरी गूगलने पुन्हा साइन इन करून बहुतेक ठिकाणी आत जाता येतं, पण मग ती साइट यादीत पुन्हा हजर होते आणि सगळं पहिल्यापासून.

एकवीसपैकी आम्ही चौदा काढली. चार साइटवरची खाती आधी बंद केली, त्यातच अख्खी संध्याकाळ गेली.

“झालं का?” याचं उत्तर मात्र अर्धंच हो आहे. नळ बंद होतो, सांडलेलं पाणी परत येत नाही. परवानगी काढल्यावर पुढे नवीन काही जाणार नाही, पण आधी उतरवून घेतलेली यादी त्या कंपनीकडे राहते. म्हणून आम्ही एक नंबर पेरला. माझ्या दुसऱ्या सिमचा नंबर ताईने ‘लोणचं टेस्ट’ म्हणून त्याच गूगल खात्यात सेव्ह केला. फोनमध्ये किंवा सिमवर सेव्ह केलेला नंबर या चाचणीत चालत नाही, कारण टोकनला तो दिसतच नाही. पुढचे दोन महिने जुन्या गिऱ्हाइकांना अधूनमधून मेसेज येत राहिले, पण ‘लोणचं टेस्ट’ला एकही आला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र बघितल्या की चित्र स्पष्ट होतं: टोकन मेलं, जुनी प्रत फिरते आहे. नवीन नंबरालाही मेसेज आला असता, तर फोनवरच्या एखाद्या दुसऱ्याच अ‍ॅपवर संशय घ्यावा लागला असता. फोनमधली कॉन्टॅक्ट्सची परवानगी ही वेगळीच गोष्ट आहे. ती अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये असते, गूगलच्या या यादीत नाही.

जुन्या प्रतीसाठी आम्ही अ‍ॅपच्या प्रायव्हसी पॉलिसीत दिलेल्या ईमेलवर डेटा डिलीट करा असं लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, “केला”. खरं की खोटं, तपासायची सोय नाही.

फेसबुकचं बरंचसं असंच. सेटिंगमध्ये Apps and websites बघा. तिथे एखादं अ‍ॅप ९० दिवस वापरलं नाही तर त्याला नवीन माहिती मागता येत नाही आणि ते Expired मध्ये जातं, पण आधी घेतलेलं त्याच्याकडेच राहतं. काढताना, त्या अ‍ॅपने तुमच्या नावाने टाकलेल्या पोस्टही डिलीट करू का, असा चौकोन येतो. तो वाचून टिक करा. एक्सवर Security and account access मध्ये Apps and sessions, त्यात Connected apps. तिथे अ‍ॅपला नुसतं वाचता येतं की तुमच्या नावाने पोस्टही करता येतं हे दिसतं. तुमच्या खात्यावरून भलतंच काही आपोआप पोस्ट होत असेल तर पासवर्डच्या आधी ही यादी बघा.

‘लोणचं टेस्ट’ अजून ताईच्या फोनमध्ये आहे. आजवर त्याला एकच मेसेज आलाय, तिनेच सगळ्यांबरोबर चुकून पाठवलेलं फराळाचं दरपत्रक.