गाठाळलेली मुळं, ताग आणि झेंडू: दहा गुंठ्यांचा वर्षभराचा फेर

प्रश्न: बोरिवलीत राहतो, गोराईला घरची दहा गुंठे जमीन आहे. तीन वर्षं वांगी, भेंडी आणि काकडी आलटूनपालटून लावतोय, म्हणजे फेरपालट चालूच आहे. तरी झाडं खुरटतात, उपटली की मुळांवर गाठी दिसतात, आणि जमीन दगडासारखी होत चाललीय. शेजारचे म्हणतात ताग पेरून गाड. त्याने गाठी जातील का? आणि जमीन सुधारेल का?

उत्तर:

वर्णनावरून ही मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी वाटते, म्हणजे मातीत राहणारी, डोळ्यांना न दिसणारी धाग्यासारखी कृमी. तुमच्या बाजूने पाहिलं तर पिकं बदलली. पण वांगी, भेंडी आणि काकडी ही तिन्ही या किडीची अगदी आवडती पिकं आहेत. पान बदललं, जेवण तेच राहिलं. तीन वर्षांत तिला एकदाही उपास घडला नाही.

आधी खात्री करून घ्या. झाड ओढून उपटलं तर बारीक मुळं मातीतच राहतात, म्हणून कुदळीने भोवतालची माती सैल करून काढा आणि मुळं बादलीत हलक्या हाताने धुवा. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, नखाने सुटून येत नाही. डाळवर्गीय पिकाच्या मुळांवरची नत्राची गाठ मात्र बाजूला चिकटलेली असते, सहज निघते आणि कापली तर आत गुलाबी दिसते. हे ओळखता आलंच पाहिजे, कारण पुढे तुम्ही ताग पेराल आणि त्याच्या मुळांवरही गाठी दिसतील. त्या पाहून घाबरू नका.

झाड खुरटण्याऐवजी हिरवंगारच असताना दोन दिवसांत मान टाकत असेल तर वेगळी शंका घ्या. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरू लागले तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. कोकणात वांगी-टोमॅटोवर तो बराच येतो आणि सूत्रकृमीने जखमा केलेल्या मुळांतून आणखी सहज शिरतो.

पूर्ण दहा गुंठे सारखेच बाधित असतील असं नाही. जमिनीचे चार-पाच भाग पाडा. प्रत्येक भागातून दहा-बारा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून एका कुंडीत भरा आणि तीत भेंडीचे तीन-चार दाणे टोका. पाच आठवड्यांनी मुळं धुऊन पाहा. कुठल्या भागात गाठी जास्त हे कळतं, खर्च जवळजवळ नाही. नमुन्याची माती उन्हात वाळवू नका, अळ्या मरतील आणि कुंडी खोटं सांगेल.

आता फेराकडे. गरम जमिनीत या किडीचं एक चक्र साधारण पंचवीस ते तीस दिवसांत पूर्ण होतं आणि एक मादी तीनशे-चारशे अंडी घालते. भेंडीच्या एका हंगामात चार पिढ्या सहज होतात. म्हणून एखादा महिना वेगळं पीक घेऊन भागत नाही. तिला खाता येणार नाही अशी पिकं सलग सात-आठ महिने हवीत.

शेताचे पाच-पाच गुंठ्यांचे दोन भाग धरा. उन्हाळ्यात जुन्या पिकाची मुळं वेचून जाळा. ती कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, घरगुती ढीग पुरेसा तापत नाही. मग एप्रिल-मेमध्ये जमीन दोन-तीन वेळा पंधरा दिवसांच्या अंतराने वर-खाली करा, म्हणजे अळ्या उन्हात सुकून मरतात. ही नांगरट फक्त पहिल्या वर्षी करा. का, ते पुढे सांगतो.

एक भाग सखल असेल तर तिथे पावसाळ्यात भात लावा. बांध घालून जुलै ते सप्टेंबर पाणी उभं राहिलं की मातीतली हवा संपते आणि भाजीपाल्यावरच्या सूत्रकृमीची संख्या खूप घटते. मर रोगाचा जिवाणूही कमी होतो. हे काम उभं पाणी करतं, भात नव्हे. वरकस जागेत पेरलेल्या, पाणी न साठणाऱ्या भाताकडून ही अपेक्षा ठेवू नका.

उंच भागात पहिला चांगला पाऊस झाला की ताग फोकून पेरा. गुंठ्याला सहाशे ग्रॅम, म्हणजे पाच गुंठ्यांना तीन किलो बी. एवढं दाट कशाला असं वाटेल, पण दोन कारणं आहेत. तागाच्या मुळात अळी शिरली तरी तिची वाढ नीट होत नाही. मात्र तागाच्या फटीतून उगवलेल्या तणावर ती आरामात जगते. विरळ ताग आणि मध्ये तण, ही तागाचा उपयोग न होण्याची सगळ्यात नेहमीची तऱ्हा आहे. दुसरं, दाट पेरला की खोड बारीक राहतं आणि लवकर कुजतं.

पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी, पहिल्या कळ्या दिसू लागल्या की गाडा. दोन आठवडे उशीर केलात तर खोडाला वाख धरतो (अखेर दोऱ्या वळायचंच पीक ते) आणि पॉवर टिलरच्या पात्यांना गुंडाळून बसतो. आधी विळ्याने वीत-वीतभर तुकडे करा, मग माती ओली असताना मिसळा. त्यानंतर पंधरा ते वीस दिवस काही लावू नका. ताज्या हिरव्या पाल्यावर रोपं कोलमडवणारी बुरशी फोफावते. मूठभर माती हुंगून पाहा: आंबट, कुजका वास येत असेल आणि खोडाचा तुकडा मोडण्याऐवजी वाकत असेल तर अजून थांबा. ऑगस्टच्या झडीत पाणी साचलं तर तो कुजण्याऐवजी सडतो, म्हणून चर आधीच काढून ठेवा.

शेजारी कुणी धैंचा सुचवला तर तो खाऱ्या आणि पाणथळ जागेसाठी चांगला. पण सूत्रकृमीच्या बाबतीत तो तागाइतका भरवशाचा नाही. खाडीच्या बाजूचा एखादा तुकडा खारट असेल तर तिथेच वापरा.

ऑगस्टच्या मध्यावर त्याच पाच गुंठ्यांत झेंडू लावा. झेंडूच्या मुळात शिरलेल्या अळ्या तिथल्या द्रव्यांमुळे मरतात किंवा वाढत नाहीत. वाफ्याच्या कडेने शोभेला चार झाडं लावून मात्र काही होत नाही, कारण परिणाम झेंडूच्या मुळाजवळच होतो, मीटरभर दूर पोहोचत नाही. सबंध जागा त्याच्या मुळांनी भरली पाहिजे आणि पीक निदान अडीच-तीन महिने उभं राहिलं पाहिजे. ४५ बाय ३० सेंटीमीटरवर पाच गुंठ्यांना सुमारे ३७०० रोपं लागतात. पहिला महिना खुरपणीत हयगय नको, तणाचं तेच कारण. रोप लावल्यापासून दोन महिन्यांच्या आसपास तोडा सुरू होतो, म्हणजे दिवाळी आणि पुढे मार्गशीर्षातले गुरुवार हाताशी येतात. दादरचा फुलबाजार गोराईहून दूर नाही. कीड दडपून वर पैसे देणारं पीक दुसरं चटकन सुचत नाही. तोडा संपला की झाडं तिथेच चिरडून मातीत मिसळा.

जानेवारीत लगेच वांग्यावर उडी नको. मेथी आणि मुळा घ्या. दोन्ही मुळासकट उपटली जातात, तीही कीड अंड्यावर येण्याच्या आत. आत शिरलेल्या अळ्या भाजीबरोबर शेताबाहेर जातात. रेताड तुकडा असेल तर समुद्र मेथी उत्तमच, ती तर दोन आठवड्यांत निघते. खुडून पुन्हा फुटणारा माठ मात्र इथे नको: पाला वर खुडला जातो, मुळं खाली कीड पोसत राहतात.

यानंतर त्या भागात भेंडी किंवा वांगी लावा, पण वर्षातून एकच असं पीक. किडीचं निर्मूलन होत नाही. संख्या इतकी खाली येते की एक हंगाम नीट निघतो, आणि त्या हंगामाच्या शेवटी ती पुन्हा वाढलेली असते. म्हणून पुढच्या पावसाळ्यात तो भाग पुन्हा तागाला. विकत आणलेल्या रोपांची मुळं धुऊन पाहिल्याशिवाय लावू नका. साफ झालेल्या शेतात कीड बहुधा रोपवाटिकेतूनच परत येते.

जे फेरपालटीने होणार नाही तेही सांगतो. वांग्याची शेंडे आणि फळं पोखरणारी अळी पतंगापासून येते, भेंडीचा केवडा पांढरी माशी आणते. हे शेजारच्या वावरातून उडत येतात. दहा गुंठ्यांत पिकं कितीही फिरवा, त्यांना फरक पडत नाही.

आता कडक जमिनीचा प्रश्न. इथे शेजाऱ्यांचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. जमीन भुसभुशीत राहते ती सेंद्रिय कर्बामुळे, म्हणजे कुजून मातीत मुरलेल्या पाल्यापाचोळ्यामुळे. एका गुंठ्यातल्या वरच्या पंधरा सेंटीमीटर मातीचं वजन साधारण २१ टन भरतं. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्का वाढवायचा तर त्यात २१ किलो कर्ब टिकून राहायला हवा. तागाचा गुंठ्याला २०० किलो हिरवा पाला मिळाला तर वाळून तो सुमारे ४० किलो, त्यातला कर्ब १६ किलोच्या आसपास. आपल्या उष्ण, दमट हवेत त्यातला बहुतेक वर्षभरात जळून जातो. पाचवा हिस्सा उरला असं धरलं तरी तीन किलो. म्हणजे जुना कर्ब अजिबात घटला नाही असं मानलं, तरी ०.१ टक्क्याला सहा-सात वेळा ताग गाडावा लागेल. कोवळा ताग पुढच्या पिकाला नत्र देतो आणि मातीतल्या जिवांना खाऊ घालतो. साठा वाढवायला तो कमी पडतो.

साठा वाढतो तो काष्ठमय, सावकाश कुजणाऱ्या मालाने. तुमच्याच भाताचा पेंढा विकू नका, जाळू नका. पुढच्या भाजीच्या वाफ्यांवर बोटभर जाड आच्छादन म्हणून पसरा. तो मातीत कालवू मात्र नका, नाहीतर कुजताना नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. चांगलं कुजलेलं शेणखत गुंठ्याला वर्षाला शंभर-दीडशे किलो घाला. शक्य असेल तर एका तुकड्यातला ताग पंचाहत्तर दिवस वाढू द्या, मग बुडाशी कापून तिथेच आडवा पाडा. मुळं जागेवर राहू द्या, मुळांचा कर्ब वरच्या पाल्यापेक्षा जास्त टिकतो.

म्हणूनच उन्हाळी नांगरट फक्त पहिल्या वर्षी करायला सांगितली. जे ऊन अळ्या मारतं, तेच उघड्या पडलेल्या मातीतला कर्बही जाळतं. कुंडीच्या परीक्षेत गाठी कमी झालेल्या दिसल्या की दुसऱ्या उन्हाळ्यापासून जमीन पेंढ्याखाली झाकलेली ठेवा. गाठी तशाच असतील तर ज्या तुकड्यात त्या जास्त आहेत तेवढाच नांगरा.

मातीत फरक पाहायला प्रयोगशाळेच्या आकड्यावर पहिली दोन वर्षं फार विसंबू नका, इतका छोटा बदल नमुन्याच्या फरकातच हरवतो. त्याऐवजी सुकलेलं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. आज ते बहुधा मिनिटाभरात फुटून गाळ होईल. दर पावसाळ्याआधी त्याच जागचं ढेकूळ घेऊन किती वेळ टिकतं ते लिहून ठेवा.