डायग्नोसिस लिहायच्या आधी बोट दाबून बघ

"मॅडम, मी जीएनएम सेकंड इयरला आहे. केअर प्लॅनमधलं माझं नर्सिंग डायग्नोसिस तिसऱ्यांदा लाल पेनाने खोडून परत आलं. प्रॉब्लेम-फोकस्ड, रिस्क आणि हेल्थ प्रमोशन या तिन्ही प्रकारांच्या व्याख्या पाठ आहेत, पण पेशंटसमोर उभी राहिले की काय लिहायचं तेच कळत नाही. मला हे जमणारच नाही का?"

समुपदेशनाकडे वळायच्या आधी मी बरीच वर्षं वॉर्डात काढलीत, त्यामुळे ती रडायला लागली तेव्हा मी म्हटलं रडणं होऊ दे, मग फाईल दाखव. पेशंट म्हणजे ७२ वर्षांच्या आजी, मांडीचं हाड मोडल्यामुळे ऑपरेशन झालेलं, तिसरा दिवस, दुखतं म्हणून उताण्याच पडून. आणि तिने लिहिलं होतं, रिस्क फॉर इम्पेअर्ड स्किन इंटिग्रिटी रिलेटेड टू फ्रॅक्चर फीमर ॲज एविडन्स्ड बाय रेडनेस ओव्हर सेक्रम.

मी विचारलं, सेक्रमवर, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडावर लाली आहे म्हणतेस, मग धोका कसला, काहीतरी झालेलंच आहे ना? आणि अजून काही झालेलं नसेल तर लक्षण कुठून आणलंस? ती गप्प. मग मी विचारलं, त्या लालीवर बोट दाबून बघितलंस का? नाही बघितलं म्हणाली, आणि खरी अडचण तिथेच होती, व्याख्येत नव्हती.

बोटाने साधारण तीन सेकंद दाबायचं आणि सोडायचं. जागा पांढरी पडून परत लाल झाली तर रक्तपुरवठा अजून ठीक आहे, कातडी वाचलेली आहे, म्हणजे डायग्नोसिस रिस्कचं. दाबूनही लालच राहिली तर ती पहिल्या स्टेजची प्रेशर इंज्युरी, म्हणजे दाबामुळे झालेली इजा, कातडी फाटलेली नसली तरी, आणि मग डायग्नोसिस प्रॉब्लेम-फोकस्ड. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे शेजारच्या कातडीशी तुलना करून जागा गरम किंवा कडक लागते का, दुखते का ते बघायचं. आणि लाल जागा चोळायची तर अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी ती दाबून आली, लाली जात नव्हती. मग वाक्य तीन भागांचं झालं: इम्पेअर्ड स्किन इंटिग्रिटी, रिलेटेड टू हाडाच्या उंचवट्यावर सतत दाब, ॲज एविडन्स्ड बाय सेक्रमवर दाबूनही न जाणारी लाली. फ्रॅक्चर मी कारणातून काढायला लावलं, कारण ते डॉक्टरांचं डायग्नोसिस, मोडलेलं हाड नर्स जुळवू शकत नाही, पण दाब कमी करणं, कूस बदलणं हे तिच्या हातात आहे, आणि कारण असं लिहायचं की त्यावर आपल्याला काही करता येईल.

त्याच आजींच्या टाचा मात्र ठीक होत्या, तिथली लाली दाबली की जात होती. म्हणून टाचांसाठी रिस्क फॉर इम्पेअर्ड स्किन इंटिग्रिटी, आणि पुढे फक्त धोक्याचे घटक, म्हणजे हालचाल कमी, गादीवर टाचांचा दाब. इथे लक्षण येत नाही, दोनच भाग. आता ती ज्यात अडकली होती ते सांगते. नर्सिंग डायग्नोसिस ठरवणारी नँडा ही संस्था आहे, तिच्या नव्या पद्धतीत या घटकांच्या आधी ॲज एविडन्स्ड बाय लिहितात, आणि तिच्या कॉलेजच्या जुन्या पुस्तकात रिलेटेड टू होतं, दोन्ही वाचून तिने दोन्ही घुसवले. मी सांगितलं, तुझे टीचर जे मागतात ते जोडशब्द वापर, फक्त नंतर येतो तो धोक्याचा घटक असू दे, लक्षण नको.

हेल्थ प्रमोशनचं तर तिने काही लिहिलंच नव्हतं, म्हणाली आजी आजारी आहेत मग कसलं प्रमोशन. पण त्याच आजी तिला म्हणाल्या होत्या, "पोरी, वॉकर नीट धरायचा कसा ते दाखव गं, मला घरी स्वतःहून चालायचंय." हेच तर ते! रेडीनेस फॉर एन्हान्स्ड नॉलेज, ॲज एविडन्स्ड बाय वॉकर वापरायला शिकायची इच्छा बोलून दाखवली. पेशंट आजारी आहे की निरोगी यावर हे ठरत नाही, पुढे जायची इच्छा आहे का यावर ठरतं, आणि ती इच्छा पेशंटची हवी, आपली नाही. आजींना शिकायचंय असं तूच ठरवलंस आणि त्या तोंड फिरवून झोपल्या असतील तर रेडीनेस लिहू नकोस.

शेवटी तिने विचारलं, मग एका पेशंटला तिन्ही लिहू? मी म्हटलं, लिही की, तुझ्या आजींना तिन्ही लागू आहेत, फक्त आधी आजींची कूस बदलायची वेळ कधी ते बघ आणि उशी टाचांखाली नको, पोटरीखाली ठेव म्हणजे टाचा हवेत राहतील. ती घड्याळ बघून उठलीच.