क्लीटचे शूज, काळी माती आणि माझ्या मेहुण्याचा सिद्धान्त

प्रश्न : रोज १२ किलोमीटर सायकलने कामावर जातो. क्लीट लावलेले सायकलिंग शूज घ्यावेत की साधे स्नीकर्स पुरतील?

स्नीकर्स घ्या. निदान आपल्या वाटेत कच्चा रस्ता, गुरे किंवा फाटक येत असेल तर दुसरा विचारच करू नका. मी वर्धा जिल्ह्यात शिक्षक आहे. शाळा घरापासून ११ किलोमीटरवर असून त्यांतले शेवटचे ३ किलोमीटर पांदण रस्त्याचे आहेत. क्लीट म्हणजे बुटाच्या तळव्याला स्क्रूंनी बसवलेली, पेडलच्या पकडीत अडकणारी पट्टी. असे क्लीटचे शूज मी दीड वर्ष वापरले, ते नागपूरच्या माझ्या मेहुण्याच्या आग्रहाने.

माझी क्लीट दोन स्क्रूंची, तळव्याच्या खोबणीत बसणारी होती. ही व्यवस्था तीन स्क्रूंच्या रोड क्लीटपेक्षा बरी, कारण तिच्यात निदान चालता येते. पण आपली काळी माती ओली झाली की त्या खोबणीत लिंपल्यासारखी भरते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. मग पाय पेडलवर दाबला तरी 'खट्' असा आवाज येत नाही, आणि काडीने खोबणी कोरत बसावे लागते. हे मी सहन केले. खरी अडचण निराळीच होती, आणि ती दिसत नव्हती. स्क्रूच्या डोक्यातले षट्कोनी छिद्रही मातीने बुजले होते. तिथे ४ मिलिमीटरची ॲलन की नीट बसेना, म्हणून स्क्रू आवळायचे काम मी रविवारावर ढकलत राहिलो.

जुलैतल्या एका संध्याकाळी परतताना समोरून गुरांचा कळप आला. मी वेग कमी केला आणि उजवा पाय सोडवण्यासाठी नेहमीप्रमाणे टाच बाहेर वळवली. टाच वळली, नेहमीपेक्षा जास्तच वळली, पण पेडल सुटले नाही. उभ्या सायकलीसकट मी उजव्या कुशीवर चिखलात आडवा झालो, कोपर सोलवटले आणि पँट गुडघ्यावर फाटली. गुराखी धावत आला आणि म्हणाला, "गुरुजी, पाय काहून नाही काढून राह्यले?" मी त्याला पट्टा उघडायला सांगितले. पाय बुटातून निघाला, पण बूट पेडललाच लटकून राहिला.

घरी आल्यावर कारण कळले. दोनपैकी एक स्क्रू वाटेत कुठेतरी गळून पडला होता. क्लीट दोन स्क्रूंनी तळव्याला घट्ट धरलेली असते, तेव्हाच टाच वळवल्यावर ती बुटाबरोबर फिरते आणि पेडलची पकड सोडते. एकच स्क्रू उरला की बूट त्या स्क्रूभोवती फिरतो आणि क्लीट पकडीत जागच्या जागी राहते. पेडलचा ताण ३ मिलिमीटरच्या कीने पूर्ण सैल केला आणि पेचकसाने क्लीट उचकटली, तेव्हा कुठे बूट सुटला. आधीचा आठवडाभर टाच पूर्वीपेक्षा अधिक सैलपणे हलत होती. तीच खूण होती, आणि मी मात्र तिला सवय समजलो.

मेहुणे आजही म्हणतात, "भाऊजी, तुमची प्रॅक्टिस कमी पडली." दीड वर्ष रोज २२ किलोमीटर चालवणाऱ्याची प्रॅक्टिस कमी पडली, हे एसी जिममध्ये पेडल मारणाऱ्याने सांगावे! त्यांचा दुसरा मुद्दा असा की क्लीटमुळे पेडल वर ओढताही येते आणि मेहनत वाचते. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने जाताना कुणी पेडल वर ओढत नाही. जोर खाली दाबण्यातच जातो, मागचा पाय फक्त आड येऊ नये इतकेच पुरते. क्लीटचा खरा उपयोग पाय जागेवरून न घसरण्यात आहे, आणि तो खिळे असलेल्या चपट्या पेडलवरही साधतो. म्हणून शूजऐवजी पैसे त्या पेडलवर घाला. स्नीकर्स मात्र पळण्यासाठीचे गुबगुबीत नकोत, कारण त्यांचा मऊ तळवा प्रत्येक दाबाला चेपतो. सपाट आणि थोड्या ताठ तळव्याचे पाहा, आणि उजव्या बुटाच्या नाड्या आत खोचा, नाहीतर त्या चेनमध्ये जातात.

आपला रस्ता सबंध डांबरी असेल आणि वाटेत फारसे थांबावे लागत नसेल, तर क्लीट वाईट नाही, हेही सांगायला हवे. तेव्हा दोन स्क्रूंचीच घ्यावी, आणि शिमानोची असल्यास एसएच ५१ ऐवजी एसएच ५६, कारण ती अनेक दिशांनी सुटते. ताण सर्वांत सैल ठेवावा, स्क्रूची छिद्रे मेणाने बुजवावीत म्हणजे मातीला जागा उरत नाही, आणि दर पंधरवड्याला मेण काढून स्क्रू आवळावेत.

मेण भरायची ही युक्ती मेहुण्यांनी मला सांगितली होती का? नाही. गळालेल्या स्क्रूच्या जागी आलेला नवा स्क्रू मी त्यांच्या घरच्या टीपॉयवर ठेवून आलो, तेव्हापासून ते प्रॅक्टिसचा विषय जरा जपून काढतात.