अर्न्ड व्हॅल्यू आणि नेटवर्क: उत्तर चुकलंय हे पेपर हातात असतानाच कसं कळेल?

प्रश्न: मी बेळगावात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अर्न्ड व्हॅल्यू आणि नेटवर्कची गणितं घरी बरोबर येतात, पेपरात घाईत चुकतात. सगळं परत सोडवायला वेळ नसतो. उत्तर बरोबर आहे की नाही हे पटकन तपासायची काही पद्धत आहे का?

उत्तर:

आहे, पण एक अट आहे. ज्या वाटेनं उत्तर काढलं त्याच वाटेनं परत गेलात तर चूकही परत तीच होते. तपासणीला वेगळी वाट हवी. निपाणी-चिकोडीकडच्या साइटवर प्लॅनिंग केल्यानंतर आता मी बेळगावात हाच विषय शिकवतो. मुलांना बहुतेक तपासण्या माहीत असतात, पण कोणती तपासणी कोणती चूक पकडते आणि कोणती पकडूच शकत नाही, हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि दोन्ही प्रकार त्याच्यावरच पाहू.

निपाणीजवळ तंबाखूचं गोदाम बांधायचं आहे असं धरा. कामं अशी:

खोदाई: 3 आठवडे, 3 लाख, आधी काही नाही
सांगाडा (वर्कशॉपमध्ये तयार करणं): 8 आठवडे, 14 लाख, आधी काही नाही
पाया: 4 आठवडे, 6 लाख, खोदाईनंतर
उभारणी: 3 आठवडे, 6 लाख, सांगाडा आणि पाया दोन्हींनंतर
फरशी: 5 आठवडे, 5 लाख, पायानंतर
छप्पर: 4 आठवडे, 4 लाख, उभारणीनंतर
वीजकाम: 2 आठवडे, 2 लाख, फरशी आणि छप्पर दोन्हींनंतर

एकूण बजेट, म्हणजे बीएसी, 40 लाख. फॉरवर्ड पास केला की पाया 7 व्या आठवड्याअखेर संपतो, सांगाडा 8 व्या. त्यामुळे उभारणी 8 ते 11, फरशी 7 ते 12, छप्पर 11 ते 15, वीजकाम 15 ते 17. प्रोजेक्ट 17 आठवड्यांचा.

आता घाईतली सगळ्यात नेहमीची चूक. बॅकवर्ड पासमध्ये पायाच्या पुढे दोन कामं आहेत: उभारणी उशिरात उशिरा 8 ला सुरू व्हायला हवी, फरशी 10 ला. इथं लहान आकडा घ्यायचा असतो. पण फॉरवर्ड पासमध्ये आत्ताच मोठा आकडा घेतलेला असतो, त्या नादात हात 10 लिहून मोकळा होतो. मग पायाचा फ्लोट 3 येतो आणि त्याच्यामागे खोदाईचाही 3.

बहुतेक मुलं शेवटी एवढंच बघतात की सुरुवातीच्या नोडवर 0 आलं का. इथं ते येतं, कारण सांगाड्याच्या बाजूनं 0 मिळतंच. म्हणजे गणित चुकलं तरी ही तपासणी पास होते. क्रिटिकल पाथ बरोबर असेल तर सुरुवातीला 0 येणारच. बाकीच्या कामांच्या फ्लोटबद्दल ते काहीच सांगत नाही.

खरी तपासणी अशी: कोणत्याही कामाचा टोटल फ्लोट म्हणजे प्रोजेक्टची लांबी वजा त्या कामातून जाणाऱ्या सगळ्यात लांब वाटेची लांबी. पायातून जाणारी लांब वाट आहे खोदाई, पाया, उभारणी, छप्पर, वीजकाम: 3+4+3+4+2 म्हणजे 16. 17 वजा 16, फ्लोट 1. तुमच्याकडे 3 आला असेल तर तो तिथंच पकडला जातो. सगळ्या कामांसाठी हे करायची गरज नाही. ज्या कामातून दोन बाण बाहेर पडतात तेवढंच तपासा, कारण चूक तिथंच होते. या गणितात असं काम एकच आहे.

फॉरवर्ड पासमधली उलटी चूक, म्हणजे वीजकामाला 15 ऐवजी 12 घेणं, पकडायला सोपी आहे. प्रोजेक्ट 14 आठवड्यांचा येतो, पण सांगाडा, उभारणी, छप्पर, वीजकाम यांची नुसती बेरीजच 17 आहे. कुठलीही एक वाट एकूण उत्तरापेक्षा लांब निघाली की उत्तर चूक. शिवाय 14 वरून मागे आलात की छप्पराचा फ्लोट उणे 3 येतो. प्रश्नात पूर्ण करायची तारीख बाहेरून लादलेली नसेल तर उणे फ्लोट येऊच शकत नाही.

आता अर्न्ड व्हॅल्यू. 10 व्या आठवड्याअखेर स्थिती अशी: खोदाई, सांगाडा, पाया पूर्ण. उभारणी एक तृतीयांश झाली, फरशी 60 टक्के, बाकी दोन सुरूच नाहीत. प्रत्यक्ष खर्च, म्हणजे एसी, 32 लाख.

पीव्ही काढताना चूक होते ती आठवडे मोजण्यात. उभारणी 8 ते 11 आहे, म्हणून मुलं 8, 9, 10 असं बोटांवर मोजतात आणि उभारणी पूर्ण होऊन गेली धरतात. फरशीलाही तसंच 7, 8, 9, 10 म्हणून चार आठवडे देतात, आणि पीव्ही 33 येतो. आपण वेळ 0 पासून मोजली आहे, त्यामुळे 8 म्हणजे आठव्या आठवड्याचा शेवट. बोटं सोडा, वजाबाकी करा: 10 वजा 8 म्हणजे दोन आठवडे, 10 वजा 7 म्हणजे तीन. उभारणीचे 4 लाख, फरशीचे 3 लाख, पूर्ण कामांचे 23 लाख. पीव्ही 30. प्रश्नात आठवड्याचा ‘एंड’ आहे की ‘बिगिनिंग’ याखाली रेघ मारून ठेवा. खानापूर, निपाणीकडून मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी पेपरात नेमका हा शब्द वाचता वाचता ओलांडून जातात, असं मी खूपदा पाहिलं आहे.

ईव्ही म्हणजे प्रत्येक कामाचं पूर्ण बजेट गुणिले झालेलं काम: 3+14+6+2+3 म्हणजे 28 लाख. इथं वेळ वाचवायला काही जण टक्क्यांची सरासरी काढतात. सात कामांची सरासरी येते सुमारे 56.2 टक्के, त्याचे 40 लाखांवर होतात साधारण 22.5 लाख. हे चूक आहे हे कळायला एक नजर पुरते: नुसती पूर्ण झालेली तीन कामंच 23 लाखांची आहेत. त्याच्याखाली ईव्ही जाणार कसा? ईव्हीला नेहमी ही खालची मर्यादा लावा आणि वरची मर्यादा बीएसीची.

आता सीव्ही = 28 − 32 = −4 आणि एसव्ही = 28 − 30 = −2. तपासणी: सीव्ही वजा एसव्ही हे पीव्ही वजा एसी एवढंच यायला हवं. −4 − (−2) = −2, आणि 30 − 32 = −2. जुळलं. पण या वजाबाकीत ईव्ही कटून जातो. म्हणजे वजाबाकीतली किंवा चिन्हाची चूक इथं सापडेल, ईव्हीच चुकीचा काढला असेल तर ही तपासणी गप्प बसेल. म्हणून वरची 23 लाखांची मर्यादा आधी, ही नंतर.

सीपीआय = 28 ÷ 32 = 0.875. उलटा भागाकार केला तर 1.143 येतो आणि ईएसी 35 लाख. आकडा दिसायला सरळ आहे, पण 32 लाख खर्च होऊन गेलेत आणि 12 लाखांचं काम बाकी आहे. ते 3 लाखांत होणार का? साधा नियम: सीव्ही उणे असेल तर सीपीआय 1 पेक्षा कमी आणि ईएसी बीएसीपेक्षा जास्त. तिन्हींपैकी एक जरी वेगळ्या बाजूला गेला तर कुठंतरी उलटापालट झाली आहे.

ईएसी काढताना 0.875 चं 0.88 करू नका. 0.88 नं 45.45 लाख येतात, खरं उत्तर 45.71. सव्वीस हजारांचा फरक नुसत्या एका राऊंडिंगनं. सरळ बीएसी × एसी ÷ ईव्ही असं लिहा, म्हणजे 40 × 32 ÷ 28. प्रश्नात ईएसीच्या तिन्ही पद्धती मागितल्या असतील तर त्यांचा क्रमही बघा. उरलेलं काम बजेटप्रमाणे होईल धरलं तर 32 + 12 = 44. सीपीआयनं 45.71. सीपीआय आणि एसपीआय दोन्ही धरून 46.69. दोन्ही निर्देशांक 1 पेक्षा कमी असताना आकडे याच क्रमानं चढले पाहिजेत.

शेवटी ‘प्रोजेक्ट किती उशिरा संपेल?’ असं विचारतात आणि तिथं चांगली मुलंसुद्धा गोंधळतात. एसव्ही −2 लाख आला की लगेच उशीर जाहीर करतात. आपल्या उदाहरणात मागे पडलं आहे ते उभारणीचं काम: दोन आठवड्यांचं व्हायला हवं होतं, एकाचं झालं. उभारणीला फ्लोट 0, म्हणून बाकी कामं ठरल्या वेळात झाली तरी प्रोजेक्ट 18 व्या आठवड्यावर जातो. आता उलट समजा: उभारणी वेळेवर आहे, पण फरशी 60 ऐवजी 20 टक्केच झाली. ईव्ही परत 28, एसव्ही परत −2, एसपीआय तोच. पण फरशी दोन आठवडे मागे आहे आणि तिचा फ्लोट 3 आहे. राहिलेले चार आठवडे धरून ती 14 व्या आठवड्याला संपते, 15 पर्यंत संपली तरी चालतं. प्रोजेक्ट 17 लाच पूर्ण होतो. एसव्ही पैशात मोजतो, क्रिटिकल पाथ त्याला दिसत नाही. म्हणून उशिराचं वाक्य लिहिण्याआधी कोणतं काम मागे आहे आणि त्याचा फ्लोट किती, हे नेटवर्कवर बघून घ्या, आणि उत्तरात कामाचं नाव घालूनच लिहा.

एक चूक मात्र वरच्या एकाही तपासणीत सापडत नाही, ती म्हणजे आकृतीच चुकणं. बाणावर काम लिहायच्या पद्धतीत पाया संपल्यावर उभारणीकडे डमी काढावी लागते. घाईत डमी न काढता सांगाडा आणि पाया एकाच नोडवर आणून सोडले, की फरशीसुद्धा सांगाड्यावर अवलंबून होते. प्रोजेक्ट तरीही 17 आठवड्यांचाच येतो. फक्त फरशी 7 ऐवजी 8 ला सुरू होते, तिचा फ्लोट 3 चा 2 होतो आणि पीव्ही 30 चा 29. पुढची सगळी बेरीज-वजाबाकी आपसात नीट जुळते. त्यामुळे आकृती काढून झाली की पास सुरू करण्याआधी प्रत्येक कामावर बोट ठेवा, मागच्या नोडवर कोण कोण येतं ते आकृतीतून वाचा आणि तक्त्याशी ताडा. फरशीवर बोट ठेवलंत की आकृती सांगेल ‘पाया आणि सांगाडा’, तक्ता म्हणेल फक्त ‘पाया’.