मालक म्हणतात 'चांगलं चाललंय', मग केस स्टडीत लिहू काय?

प्रश्न: मी कोल्हापुरात फ्रीलान्स वेबसाइटची कामं करते. पोर्टफोलिओत नुसते स्क्रीनशॉट आहेत. नुकतंच एका दुकानाचं काम संपलं, त्याची छोटी केस स्टडी करायची आहे. पण मालकांकडे आकडे नाहीत. विचारलं की 'चांगलं चाललंय' म्हणतात. मग लिहू काय?

उत्तर:

आकडे बहुतेक वेळा असतात, फक्त ते मालकांच्या पार्सलच्या वहीत आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असतात. 'रिझल्ट काय आला?' असं विचारलं की कुठलाही दुकानदार 'चांगलं चाललंय' हेच म्हणणार. त्यामुळे लिहायला बसण्याआधी एकदा दुकानात जा, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, आणि वही बघायला मागा.

माझ्याच एका कामावरून सांगतो. महाद्वार रोड परिसरातलं चपलांचं दुकान. नाव देत नाही, पण इथे लिहायला मालकांची हरकत नाही. त्यांची मागणी होती, 'वेबसाइट जुनी दिसते, नवी करून द्या.' बोलता बोलता खरी अडचण कळली. पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर यायच्या आणि मापाच्या घोळामुळे जोड परत यायचे. कोल्हापुरी हातानं बनते, त्यामुळे दोन कारागिरांच्या आठ नंबरात फरक पडतो. त्यात चामडं वापरून सैल होतं, म्हणून नवी चप्पल थोडी घट्टच घ्यायची असते. हे समोरच्या गिऱ्हाइकाला दुकानदार तोंडी सांगतो, बाहेरगावच्याला कोण सांगणार?

म्हणून मी नंबरांचा तक्ता दिलाच नाही. प्रत्येक जोडाच्या पानावर तळाची आतली लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिली. शेजारी तीन फोटो: कागदावर उभं राहा, टाच आणि अंगठ्यापुढे खूण करा, पट्टीनं मोजा. ऑनलाइन पैसे भरायची सोय मुद्दाम ठेवली नाही, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरच ठेवली. मालक प्रत्येक गिऱ्हाइकाशी बोलूनच माल पाठवतात, आणि ते बोलणं तोडणं मला चुकीचं वाटलं.

तुमच्या केस स्टडीचा गाभा असाच एखादा निर्णय असायला हवा. कुठला रंग, कुठला फॉन्ट, किती पानं, हे स्क्रीनशॉटमध्ये दिसतंच. दिसत नाही ते हे की समोर दोन वाटा होत्या, त्यातली एक तुम्ही का घेतली आणि दुसरी का सोडली. काम देणारा माणूस तेवढ्यावरून ताडतो की उद्या त्याच्या धंद्यात अडचण आली तर तुम्ही कसा विचार कराल. एकाच कामात असे पाच निर्णय सापडले तरी एकच निवडा, ज्याचा परिणाम वहीत दिसतो तो.

आता वहीकडे. या दुकानात कुरिअरची साधी वही होती. तारीख, गाव, जोड, आणि परत आला तर लाल शाईत 'बदली'. साइट सुरू होण्याआधीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाहेरगावी ६४ पार्सलं गेली होती, त्यातली ११ मापासाठी बदलावी लागली. साइटनंतरच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ७१ गेली, ४ बदलली. महिने तेच घेतले ते मुद्दाम. दिवाळीचे दिवस मे-जूनशी ताडून बघितले की कुठलीही वेबसाइट चमत्कार केल्यासारखी दिसते. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेची विक्री तशीही पडते.

या आकड्यांवरून 'अदलाबदल दोन तृतीयांशाने घटली' असं लिहिता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण मी '६४ पैकी ११, नंतर ७१ पैकी ४' असंच लिहिलं. आकडे लहान आहेत हे वाचणाऱ्याला दिसू दे. टक्केवारीत तो लहानपणा लपतो, आणि हिशेबी माणूस 'किती पैकी?' हे विचारतोच. दुसरं असं की त्याच काळात मालकांचा पुतण्या दुकानात यायला लागला होता आणि तो फोनवर पायाच्या मापाची चौकशी नीट करायचा. सगळं श्रेय पानाचं नाही, हेही एका वाक्यात लिहिलं. त्या वाक्यामुळे बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या कामांसाठी एक सोय आताच करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाला नुसता नंबर न जोडता आधीच भरलेला मेसेज जोडा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=WEB-K12
```

यातला K12 हा त्या जोडाचा तुम्ही ठरवलेला क्रमांक. गिऱ्हाइकानं बटण दाबलं की मेसेजच्या चौकटीत तो आपोआप येतो. नंतर मालकांच्या फोनवर WEB शोधलं की साइटवरून किती चौकश्या आल्या ते कळतं. काही लोक तो मजकूर पुसून आपलं लिहितात, म्हणून हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच येतो. 'किमान इतक्या' असं लिहा. दुकानाची साइट गूगलच्या सर्च कन्सोलला जोडली असेल तर गूगलवरून किती लोक आले तो तिथला तक्ताही उतरवून घ्या. तिथे मागच्या १६ महिन्यांचीच माहिती राहते, आणि काम संपल्यावर तुमचा प्रवेशही कधीतरी काढला जातो.

आणि वहीच नसेल तर? मग मालकांचं म्हणणं हाच पुरावा, पण ते नीट विचारून घ्यावं लागतं. 'फीडबॅक द्या' म्हटलं की 'खूप छान काम केलंत' एवढंच येतं. मी विचारलं, 'काका, आधी बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा काय विचारायचा? आणि आता काय विचारतो?' ते म्हणाले, 'आधी नंबर कसा बसंल म्हणूनच फोन. आता त्यो इषयच न्हाई, रंग आन् कधी पाठवताय एवढंच इचारत्यात.' हे वाक्य मी बोलीसकट ठेवलं, त्यांना वाचून दाखवून.

जुन्या साइटचा फोटो काढून ठेवला नसेल तर web.archive.org वर पत्ता टाकून बघा. लहान दुकानांच्या साइटही कधीकधी तिथे सापडतात, फोटो मात्र अर्धवट असतात. पहिलं चित्र लॅपटॉपच्या चौकटीत बसवलेलं मुखपृष्ठ नको. ज्या निर्णयाबद्दल लिहिताय तोच भाग मोबाइलवर कसा दिसतो ते दाखवा. माझ्याकडे ते माप घेण्याचे तीन फोटो होते. त्यानंतर जुनं पान, नवं पान, बस. तीन-चार चित्रं पुरतात.

सगळं मिळून माझा मजकूर साधारण असा झाला:

"बाहेरगावच्या ऑर्डरींत मापाची अदलाबदल कमी झाली

कोल्हापुरातलं चपलांचं दुकान. बाहेरगावची विक्री व्हॉट्सअ‍ॅपवर. हातानं बनणाऱ्या जोडांचे नंबर एकसारखे नसल्यामुळे पार्सलं परत यायची.

नंबरांच्या तक्त्याऐवजी प्रत्येक जोडाच्या तळाची लांबी दिली आणि पाय घरी कसा मोजायचा ते फोटोंतून दाखवलं. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरच ठेवली, कारण मालक गिऱ्हाइकाशी बोलून माल पाठवतात.

आधीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ६४ पैकी ११ पार्सलं बदलावी लागली, साइटनंतरच्या त्याच महिन्यांत ७१ पैकी ४. याच काळात गिऱ्हाइकांना फोनवर नीट माप विचारणारा एक माणूसही दुकानात आला होता.

माझं काम: पानांची मांडणी, मजकूर, साइट बांधणी. फोटो दुकानाने काढले."

खाली मालकांचं वाक्य. एवढंच. 'माझं काम' ही ओळ विसरू नका. कोणी काय केलं ते स्पष्ट नसेल तर वाचणारा फोटोही तुमचेच समजतो, आणि पुढच्या कामात तुमच्याकडून फोटोंची अपेक्षा करतो. शीर्षकात दुकानाचं किंवा 'आधुनिक वेबसाइट'चं कौतुक न करता काय बदललं ते लिहा. गोकुळ शिरगावचा कारखानदार असो की पुण्याची एजन्सी, फोनवर शीर्षक आणि पहिलं चित्र बघूनच पुढे वाचायचं की नाही ते ठरतं.

परवानगी मात्र सावकाश आणि लेखी घ्या. 'पोर्टफोलिओत टाकू का?' असं मोघम विचारलं की मालक 'टाका की' म्हणतात, आणि नंतर वहीतले आकडे बघून दचकतात. मी तयार मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि चार गोष्टी वेगवेगळ्या विचारतो: दुकानाचं नाव, फोटो, आकडे, त्यांचं वाक्य. या मालकांनी आकड्यांना हो म्हटलं, पण माल कुठल्या गावचे कारागीर बनवतात ती ओळ काढायला लावली. त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दुकानदाराला तेवढा धागा पुरतो.

नाव लपवायचं ठरलं तर कोल्हापुरात नुसतं नाव काढून भागत नाही. 'महाद्वार रोडवरचं तिसऱ्या पिढीचं दुकान, अमुक प्रकारच्या चपलांसाठी प्रसिद्ध' असं लिहिलं की निम्म्या बाजाराला कळतं कोण ते. अशा वेळी ठिकाण, पिढी आणि खासियत यांतल्या दोन गोष्टी गाळा, आणि फोटोंतून पाटी, बिल, पिशवीवरचा छाप कापा. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट दाखवायचे असतील तर गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, पत्ता नुसता धूसर न करता वर भरीव पट्टी टाका, आणि चित्र नव्यानं जतन करा. एखाद्या एजन्सीमार्फत केलेलं काम असेल तर आधी तिच्याशी झालेला करार वाचा. बऱ्याच करारांत काम स्वतःच्या नावानं दाखवायची मनाई असते.

टाकताना वर महिना आणि वर्ष लिहा, आणि सगळ्या पानांचे पूर्ण लांबीचे स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवा. वर्षभरात मालक कुणाकडून तरी बॅनर बदलून घेतात, किमती वाढतात, मापाचा भाग खाली सरकतो. केस स्टडीतल्या लिंकवर गेलेल्या माणसाला तुम्ही वर्णन केलेलं पान तिथे दिसेलच असं नाही. तारीख लिहिलेली असली की तो तुम्हालाच विचारतो, आणि दाखवायला तुमच्याकडे मूळ काम असतं.